हाय व्होल्टेज आयसोलेशन फॉल्ट: नारिंगी केबलला हात लावण्याआधी

प्रश्न: बडोद्यात कारेलीबागला राहतो. इलेक्ट्रिक कार दोन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यातल्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर निम्मं चाक बुडेल इतकं पाणी होतं. तेव्हापासून सकाळी गाडी चालू करून एसी लावला की मिनिट-दोन मिनिटांत ‘हाय व्होल्टेज आयसोलेशन फॉल्ट’ असा मेसेज येतो. दुपारी येत नाही. गाडी चालायला एकदम नीट आहे. महिन्यापूर्वी घराजवळच्या दुकानात एसीचा गॅस भरून घेतला होता, बाकी काही काम केलेलं नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नारिंगी वायरींचे सॉकेट काढून ब्लोअरने वाळवू आणि स्प्रे मारू. करू द्यावं का?

उत्तर:

नाही, करू देऊ नका. नारिंगी वायरी म्हणजे मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेज वायरी. त्याला बॉनेटही उघडू देऊ नका, कारण उघडलं की हात आपोआप तिकडे जातो.

तुम्ही पावसाबद्दल सविस्तर लिहिलंय आणि गॅस भरल्याचं जाता जाता सांगितलंय. माझ्या मते वजन उलट असायला हवं. पाणी हा संशयित आहेच, पण ‘एसी लावला की’ हे तुमचे शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात. इथे बसून मी निदान करू शकत नाही. पाणी बॅटरीच्या खोक्यापर्यंत कितपत पोचलं आणि तुमच्या कंपनीने इशाऱ्याची मर्यादा कुठे ठेवलीय, यावर बरंच अवलंबून आहे. पण मेसेज नेमकं काय सांगतो हे समजलं, तर मेकॅनिकची सूचना का धोक्याची आहे ते आपोआप कळेल.

घरच्या विजेपासून सुरुवात करू. घराच्या वायरिंगमधला न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. म्हणून जमिनीवर उभ्या माणसाने एकट्या फेजला हात लावला तरी झटका बसतो, कारण परतीचा रस्ता जमिनीतून आधीच तयार असतो. इलेक्ट्रिक कारमध्ये मुद्दाम याच्या उलट केलेलं असतं. मोठ्या बॅटरीचं प्लस आणि मायनस, दोन्ही टोकं गाडीच्या बॉडीपासून पूर्ण तोडलेली असतात. (बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं मायनस बॉडीला असतं, पण ती व्यवस्था वेगळी.) त्यामुळे मोठ्या बॅटरीच्या एकाच टोकाचा कुठे बॉडीशी संबंध आला, तरी करंटला परत जायला वाट मिळत नाही आणि काही घडत नाही. या ‘तोडलेपणा’लाच आयसोलेशन म्हणतात. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम दोन्ही टोकं आणि बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स गाडी चालू असताना सतत मोजत असते. तो ठरलेल्या आकड्याखाली घसरला की तुम्हाला दिसला तो मेसेज येतो. स्कॅनर लावला तर बऱ्याच गाड्यांत P0AA6 हा कोड सापडतो.

आता आकडे. भारतात यासाठी एआयएस-०३८ हे मानक आहे आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या आर-१०० नियमाच्या धर्तीवर आहे. त्यात डीसी भागासाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओम आणि ऑल्टरनेटिंग करंटच्या भागासाठी दर व्होल्टमागे किमान ५०० ओम मागितलेत. मोटर आणि तिला ऑल्टरनेटिंग करंट देणारा इन्व्हर्टर बॅटरीशी थेट जोडलेले असल्यामुळे व्यवहारात ५०० चा आकडा धरणं सोयीचं पडतं. बॅटरी ३५० व्होल्टची असेल तर ५०० गुणिले ३५०, म्हणजे १७५ किलोओम. धडधाकट गाडीत हा रेझिस्टन्स मेगाओममध्ये, म्हणजे याच्या कितीतरी पट असतो.

हे १०० आणि ५०० कुठून आले? १०० गुणिले ३५० म्हणजे ३५ किलोओम. ३५० व्होल्टला त्याने भागा, १० मिलिअँपिअर येतात. १७५ किलोओमने भागा, २ मिलिअँपिअर. म्हणजे हे आकडे सांगतात की एखाद्याचा हात चुकून एका टोकाला लागला, तर त्याच्या अंगातून जास्तीत जास्त किती करंट जाऊ शकेल. आयसोलेशन २ मेगाओम असेल तर तोच हिशेब ०.१७५ मिलिअँपिअरवर येतो आणि माणसाला जाणवतही नाही. पण एक टोक बॉडीला पूर्ण टेकलेलं असेल, तर मधे फक्त माणूस उरतो. ओल्या हातांच्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओमच्या आसपास धरला, तर करंट ३५० मिलिअँपिअर होतो. त्यातून वाचणं कठीण असतं.

तुमचा मेकॅनिक काय करणार आहे ते आता डोळ्यांसमोर आणा. एक हात फेंडरवर टेकलेला आणि दुसऱ्या हाताने नारिंगी सॉकेट ओढतोय. चांगल्या गाडीत एका हाताची चूक झाली तर आयसोलेशन त्याला वाचवतं. तुमची गाडी नेमकं हेच सांगतेय की ते आयसोलेशन आता भरवशाचं नाही. एरवी जी चूक पचली असती, ती मेसेज आलेल्या गाडीत पचेलच असं नाही.

‘गाडी चालायला एकदम नीट आहे’ याचाही उलगडा इथेच होतो. पहिल्या बिघाडात करंटला पूर्ण वर्तुळ मिळत नाही, म्हणून फ्यूज जात नाही, ताकद कमी होत नाही, आवाजही येत नाही. तुम्ही आत बसून चालवता तेव्हा धोका नगण्य असतो, कारण सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडलेले असतात आणि तुम्ही उघड्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून बऱ्याच गाड्या चालू फेरी पूर्ण करू देतात आणि बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं की नकार देतात. भर रस्त्यात एकदम ताकद काढून घेणं जास्त वाईट, असा त्यामागे विचार असतो. पण दुसऱ्या टोकाचाही कुठे बॉडीशी संबंध आला, तर मात्र बॉडीतूनच शॉर्ट सर्किट होतं. मेसेजचं काम त्या दुसऱ्या बिघाडाच्या आत तुम्हाला वर्कशॉपला पाठवणं हे आहे.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. बॅटरीचा पॅक, मोटर-इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, एसीचा कॉम्प्रेसर आणि केबिन हीटर हे सगळे एकाच हाय व्होल्टेज लाइनवर असतात. उदाहरणासाठी धरू की या पाचांपैकी प्रत्येकाचा बॉडीशी रेझिस्टन्स १० मेगाओम आहे. पाचही समांतर असल्यामुळे एकूण २ मेगाओम दिसतील, म्हणजे ठणठणीत. आता एकट्या कॉम्प्रेसरचा रेझिस्टन्स १०० किलोओमवर आला तर एकूण किती? साधारण ९६ किलोओम. चार भाग कितीही चांगले असले तरी पाचवा सगळ्यांना खाली ओढतो, आणि मर्यादा १७५ असेल तर दिवा लागतो. दिव्याला फक्त एकूण आकडा कळतो, दोषी कोण ते कळत नाही. दोषी ओळखायचा तर कुठला भाग कामाला लागल्यावर आकडा पडतो ते पाहावं लागतं. तुम्ही एसी लावल्यावर तो पडतोय.

इलेक्ट्रिक कारच्या कॉम्प्रेसरला बेल्ट नसतो. त्याची मोटर कॉम्प्रेसरच्या आतच असते आणि तिची वाइंडिंग गॅस आणि ऑइलच्या मिश्रणात अक्षरशः भिजलेली असते. म्हणजे ते ऑइल वंगणाबरोबर इन्सुलेशनचंही काम करतं. बेल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या गाड्यांत पीएजी जातीचं ऑइल असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि विजेला पुरेसं अडवत नाही. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा पीओई जातीचं, कंपनीने नेमून दिलेलं ऑइल लागतं. दुकानात दिवसभर पेट्रोल-डिझेल गाड्यांचा गॅस भरला जातो, त्याच मशीनच्या आणि त्याच पाइपांच्या आत पीएजी लागलेलं असतं. तुमच्या गाडीत वेगळं ऑइल ओतलं नसलं, तरी पाइपांतलं थोडं ऑइल गॅसबरोबर आत जातं आणि आयसोलेशन मोजण्याइतकं खाली यायला तेवढंही पुरतं. गळती बंद करणारं द्रव किंवा रंग घातला असेल तर आणखी गुंतागुंत. दुकानदाराने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. हा फरक गॅस भरणाऱ्या पुष्कळ लोकांना ठाऊकच नसतो.

‘पण मग सकाळीच का?’ असं तुम्ही विचाराल. सकाळी मेसेज आला आणि दुपारी गेला की लोक डोळे मिटून ओलावा म्हणतात. ओलाव्यात तसं होतंच: रात्री सॉकेटमध्ये बाष्प जमतं, दुपारपर्यंत इंजिन-बेच्या उष्णतेने सुकतं. (इंजिन नाही, तरी शब्द तोच चालू आहे.) पण कॉम्प्रेसरही सकाळीच वाईट वागतो. गाडी रात्रभर उभी राहिली की गॅसचं द्रव होऊन ते ऑइलसह कॉम्प्रेसरमध्ये जमा होतं आणि वाइंडिंग त्यात बुडते. सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत रेझिस्टन्स सगळ्यात कमी असतो, मग ते द्रव पुढे ढकललं गेलं की आकडा सुधारतो. म्हणून ‘सकाळी येतो’ एवढ्यावरून पाणी ठरत नाही. ‘एसी न लावता सकाळी पंधरा मिनिटं चाललो, मेसेज आला नाही’ असं जर तुम्हाला आठवत असेल, तर ते जास्त बोलकं आहे. कॉम्प्रेसरचा इन्व्हर्टर बंद असताना त्याची वाइंडिंग लाइनपासून जवळजवळ तुटलेली असते, म्हणून तिची गळती मोजमापात दिसत नाही. सॉकेटमधलं पाणी मात्र एसी चालू-बंद काही ओळखत नाही. ते असेल तर मेसेज एसीशिवायही यायला हवा. हे करून बघण्यासाठी गाडी पुन्हा चालवू नका. आजवरचं आठवा आणि लिहून काढा, तेवढं पुरे.

तरीही पाण्याची बाजू सोडता येत नाही, विशेषतः बडोद्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात किती वेळ राहिलं ते तुम्ही पाहिलंच असेल. बॅटरीच्या पॅकवर बहुधा आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. रात्रभर पाण्यात बसण्याची ती हमी नाही. निम्मं चाक म्हणजे जवळजवळ एक फूट पाणी, आणि बऱ्याच गाड्यांत पॅकची खालची बाजू जमिनीपासून त्याहून कमी उंचीवर असते. म्हणजे पॅक पाण्याला टेकला होता असं धरून चालायचं. त्यात गाडी नुकती चालवून आणून गरम पॅक गार पाण्यात उभा राहिला असेल, तर आतली हवा आकसते आणि एखादं सील कमकुवत असेल तर तिथून पाणी आत ओढलं जाण्याची शक्यता वाढते. पुराचं पाणी गढूळ आणि क्षारयुक्त असल्याने स्वच्छ पावसाच्या पाण्यापेक्षा जास्त वीज वाहून नेतं. म्हणून वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरवर बोट ठेवून थांबू नका. पॅकच्या आतलं आयसोलेशन वेगळं तपासून मागा.

नारिंगी केबल का सोडायची, याची माणसाच्या जिवाशी थेट निगडित कारणं आधी. एक, बारा व्होल्टची बॅटरी काढली की सगळं मेलं, हा समज चुकीचा आहे. ती काढल्यावर कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅकला लाइनशी जोडणारे मोठे स्विच, उघडतात आणि पॅक लाइनपासून सुटतो, हे खरं. पण कॉन्टॅक्टरची टोकं चिकटून राहिलेली असू शकतात, आणि पॅकच्या आतल्या सेलना तर बंद करायचं बटणच नसतं. दोन, इन्व्हर्टरमधले मोठे कॅपॅसिटर पॅक सुटल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतात. म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ठराविक थांबण्याचा वेळ दिलेला असतो आणि त्यानंतरही मीटरने शून्य बघायचं असतं. तीन, डीसी करंट चालू असताना सॉकेट ओढलं तर ठिणगी विझत नाही, लांब होत जाते. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो आणि ठिणगी मरते. डीसीला तशी संधीच नसते. हे टाळायला सॉकेटमध्ये इंटरलॉकची बारीक वायर असते, सॉकेट सुटू लागलं की ती आधी तुटते आणि कॉन्टॅक्टर उघडायला सांगते. काही जण ‘मेसेज जावा’ म्हणून ही वायर जोडून टाकतात. तसं सुचवणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

दुसरं कारण तितकं भयंकर नाही, पण महाग पडतं. नारिंगी सॉकेटमध्ये सिलिकॉनची सील आणि केबलभोवतीच्या जाळीचा बॉडीशी संपर्क असतो. चुकीच्या पद्धतीने उघडून बंद केलं की सील दुमडते, आणि आज नसलेलं पाणी पुढच्या पावसात नक्की शिरतं. स्प्रेबद्दल बोलायचं तर बऱ्याच स्प्रेंतल्या तेलाने रबर फुगतं आणि मागे राहिलेल्या थरावर धूळ चिकटते. ब्लोअरने ओलावा खरोखर गेला तरी पुरावा गेला, कारण ओल कुठे होती हे वर्कशॉपला मग सापडत नाही. ‘बाहेर उघडलेलं’ म्हणून वॉरंटीचा वाद उभा राहतो तो वेगळाच. स्वस्त स्कॅनरने कोड पुसण्याचाही हाच तोटा आहे. कोडबरोबर त्या क्षणीचे व्होल्टेज, तापमान वगैरे आकडे साठवलेले असतात, तेही जातात.

आता तुमच्यापुरतं सांगतो. मेसेजचा फोटो काढा, तारीख-वेळ, एसी चालू होता का, पाऊस होता का, एवढं लिहून ठेवा. मेसेज पिवळा असो की लाल, तुमच्या गाडीच्या पुस्तकात त्यासमोर काय लिहिलंय ते वाचा आणि ते पाळा. तुमच्या बाबतीत पाणी पॅकपर्यंत गेलेलं असल्याने मी गाडी चालवत न्या असं म्हणणार नाही. चारही चाकं वर चढवणारी फ्लॅटबेड मागवा, दोनच चाकं उचलून ओढायला देऊ नका, कारण मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करू शकते. तपासणी होईपर्यंत चार्जिंग करू नका. गाडी सोसायटीच्या तळमजल्यात, बाकी गाड्यांना खेटून ठेवू नका. उघड्यावर आणि इमारतीपासून १५ मीटर तरी लांब ठेवा. खालून फुसफुस किंवा फटफट असा आवाज, गोडसर रासायनिक वास किंवा धूर आला तर पाहायला वाकू नका, सगळ्यांना दूर करा आणि १०१ वर फोन करा. पाण्यात बसलेल्या पॅकमध्ये हे काही दिवसांनीही होऊ शकतं.

वर्कशॉप कसं काम करेल हे माहीत असलं की तुम्हाला काउंटरवर योग्य प्रश्न विचारता येतील. आधी कंपनीच्या स्कॅनरवर आयसोलेशनचा आकडा किलोओममध्ये दिसतो. कॉन्टॅक्टर उघडे असताना आकडा पडलेलाच राहिला तर दोष पॅकच्या आत आहे, बंद झाल्यावर पडला तर बाहेर, आणि एसी लावल्यावर पडला तर कॉम्प्रेसर. त्यानंतर गाडी बंद करून, हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, ठरलेला वेळ थांबून, १००० व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे घालून टेक्निशियन शून्य व्होल्ट तपासतो. मीटर खरा चालतोय ना, हे तो आधी आणि नंतर दोन्ही वेळा चालू स्रोतावर बघतो. मगच एकेक भाग सोडवून मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, कंपनीने सांगितलेल्या व्होल्टेजवर, बॉडीशी रेझिस्टन्स घेतला जातो. कॉम्प्रेसर सोडवल्यावर बाकी लाइन मेगाओममध्ये गेली की शोध संपला.

दोष कॉम्प्रेसरचा निघाला आणि आत चुकीचं ऑइल सापडलं, तर नुसता गॅस काढून पुन्हा भरल्याने भागत नाही, कारण ऑइल कंडेन्सर आणि पाइपांत पसरलेलं असतं. कॉम्प्रेसर बदलून लाइन फ्लश करावी लागते, काही गाड्यांत कंडेन्सरही बदलावा लागतो. खर्च मोठा असतो आणि तो वॉरंटीत बसेलच असं नाही. म्हणून गॅस भरल्याचं बिल शोधून ठेवा आणि वर्कशॉपला हे आपणहून सांगा. लपवलंत तर ते पॅक उघडण्यात दोन दिवस घालवतील. जॉब कार्डवर दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आयसोलेशनचा आकडा, एसी बंद आणि एसी चालू असे दोन्ही, लिहून मागा. नुसतं ‘तपासलं, ठीक’ असं लिहिलेलं कार्ड घेऊ नका. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळचं मोजमाप घ्यायला सांगा, कारण तुमचा मेसेज सकाळचाच आहे. दुपारी मोजलं तर आकडा चांगलाच येईल.